काळ्या केसांवर अॅश ब्राउन लालसर का उतरतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात केसांना रंग लावून घेणाऱ्यांकडून सर्वाधिक येणारी तक्रार एकच आहे: शेडकार्डवर थंड, राखाडी झाक असलेला ब्राउन निवडला आणि डोक्यावर मात्र तांबूस रंग उतरला. पुढील उत्तरे जन्मतः काळ्या किंवा जवळजवळ काळ्या केसांसाठी आणि ट्यूब व डेव्हलपर मिसळून लावल्या जाणाऱ्या कायमस्वरूपी रंगासाठी आहेत. जिथे एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात आले आहे, तिथे तो क्रमांक दिला आहे.

१. ट्यूबवर अॅश ब्राउन लिहिले होते. मग केसांत लाल रंग आला कुठून?

तो ट्यूबमधून आलेला नसतो, तुमच्याच केसांतून आलेला असतो. कायमस्वरूपी रंग लावला की केसात दोन क्रिया एकाच वेळी चालतात. अमोनिया केसाचे बाहेरचे आवरण फुगवून सैल करतो; मग डेव्हलपरमधील हायड्रोजन पेरॉक्साइड एकीकडे केसातील नैसर्गिक रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, तोडत जाते आणि दुसरीकडे ट्यूबमधील बिनरंगी घटकांना एकत्र आणून त्यांचा रंग तयार करते.

काळ्या केसांत मेलॅनिन फार दाट असते. ते तुटू लागले की केस सरळ काळ्यावरून राखाडी तपकिरी होत नाही. आधी काळेपणा कमी होतो आणि त्याखालची लाल झाक उघडी पडते, आणखी उजळल्यावर ती केशरी होते आणि त्याही पुढे गेल्यावर पिवळी. अॅश शेडमध्ये निळसर किंवा हिरवट रंगकण असतात आणि ही ऊब मारणे हेच त्यांचे काम असते. पण काळ्या केसात उघडी पडलेली ऊब इतकी जास्त असते की एका ट्यूबमधील राख तिला पुरी पडत नाही. दोन्हींची बेरीज होऊन जो रंग दिसतो, तो तुम्हाला तांबूस ब्राउन वाटतो. ट्यूब नकली असल्याची शंका अनेक जण घेतात, परंतु अस्सल ट्यूबसुद्धा काळ्या केसांवर हेच करते.

२. ५.१, ६.१ या आकड्यांचा अर्थ काय? त्यातला लाल कोणता हे कळते का?

टिंबाच्या आधीचा आकडा रंग किती गडद किंवा उजळ आहे ते सांगतो. १ म्हणजे काळा, १० म्हणजे अगदी फिकट सोनेरी. आपल्याकडील बहुतेक नैसर्गिक केस १ ते ३ यांच्यामध्ये बसतात, त्यामुळे ‘माझे केस ब्राउनच आहेत’ असे उन्हात पाहून वाटणाऱ्यांचेही केस प्रत्यक्षात ३ असतात. टिंबानंतरचा आकडा झाक सांगतो. बहुतेक कंपन्यांत १ म्हणजे अॅश, ३ म्हणजे सोनेरी आणि ४ म्हणजे तांबूस. म्हणून ६.१ म्हणजे सहाव्या पातळीचा अॅश.

येथे एक गफलत होते. झाकेचे आकडे सर्व कंपन्यांत सारखे नसतात. एका कंपनीत २ म्हणजे जांभळट, तर दुसरीत तोच आकडा हिरवट मॅटसाठी असतो. अॅशसुद्धा कुठे निळ्या पायावर असतो, तर कुठे त्यात हिरवा किंवा जांभळा मिसळलेला असतो. शेडकार्डच्या मागच्या पानावर हे लिहिलेले असते. एका कंपनीच्या रंगाचा अनुभव दुसऱ्या कंपनीच्या त्याच आकड्याला लावू नये.

३. केस उजळताना खाली नेमका कोणता रंग निघतो?

हे एकदा नीट कळले की बाकीचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. दुसऱ्या पातळीचा काळा केस उजळत नेला, तर तिसऱ्या पातळीला तो गडद लालसर तपकिरी दिसतो. चौथ्या पातळीला लाल झाक स्पष्ट होते आणि पाचव्याला लाल व केशरी यांचे मिश्रण येते. सहाव्या पातळीला केस पिकलेल्या संत्र्याच्या सालीसारखा केशरी होतो, सातव्याला केशरी-पिवळा, आणि आठव्यापासून पुढे पिवळाच, तो फिकट होत जातो.

बहुतेकांना हवा असलेला अॅश ब्राउन पाचव्या ते सहाव्या पातळीचा असतो, म्हणजे ज्या टप्प्यावर काळ्या केसातील ऊब सर्वांत आक्रमक असते, नेमक्या त्याच टप्प्यावर. माझ्या मते तक्रारीचे मूळ येथेच आहे. तिसऱ्या पातळीवर थांबले तर केस इतका गडद असतो की लाल डोळ्यांत भरत नाही. सातव्याच्या पुढे गेले तर लाल निघून गेलेला असतो आणि उरलेला केशरी-पिवळा आवरता येतो. मधल्या टप्प्यावर मात्र ट्यूब कोणतीही असो, ती या ऊबेशी झगडतच असते.

झाक मारण्याचे गणितही यावरूनच ठरते. लाल झाक हिरव्याने मरते, केशरी निळ्याने आणि पिवळी जांभळ्याने. म्हणून चौथ्या पातळीच्या लालसर केसावर निळ्या पायाचा अॅश अर्धवटच काम करतो. तिथे हिरव्या पायाची मॅट शेड अधिक उपयोगी पडते.

४. पार्लरमधल्या ताई म्हणाल्या, ‘जास्त टक्क्याचा डेव्हलपर घेऊ, म्हणजे शेड नीट उठेल.’ हे बरोबर आहे का?

शेड उठेल, पण तिच्याबरोबर लालही उठेल. डेव्हलपर ३, ६, ९ आणि १२ टक्के अशा ताकदींत मिळतो. पार्लरमध्ये त्यांनाच अनुक्रमे १०, २०, ३० आणि ४० व्हॉल्यूम म्हणतात. ढोबळ हिशोब असा की ट्यूबच्या रंगाबरोबर ६ टक्के वापरल्यास केस एक ते दोन पातळ्या उजळतो, ९ टक्क्यांनी दोन ते तीन, आणि १२ टक्क्यांनी फार तर चार.

आता दुसऱ्या पातळीच्या केसावर ६.१ लावण्याचा हिशोब करून पाहा. सहा गाठायला चार पातळ्या उजळावे लागेल. ६ टक्के घेतल्यास केस चौथ्यावर थांबेल आणि तिथे लाल आहे. ९ टक्के घेतल्यास तो पाचव्यावर पोहोचेल, जिथे लाल-केशरी आहे. १२ टक्क्यांनी कदाचित सहावी पातळी मिळेल, पण तिथे भडक केशरी वाट पाहत असतो आणि इतकी ताकद टाळूला लावणे योग्यही नाही. म्हणजे टक्का वाढवून ऊब कमी होत नाही, तिचा फक्त रंग बदलतो. शिवाय एका रंगातली राख तेवढीच राहते आणि तिला मारायची ऊब मात्र वाढत जाते.

५. डब्यावरच्या फोटोतील केस तर अगदी राखाडी दिसतात. फोटो खोटा असतो का?

खोटा नसतो, पण तो तुमच्या केसांसाठी काढलेला नसतो. समोरचा फोटो बहुतेक वेळा हलक्या तपकिरी किंवा आधीच उजळलेल्या केसांवरचा असतो. डब्याच्या बाजूला किंवा मागे तीन-चार लहान चौकोन असतात. त्यांत आधीचा रंग आणि नंतरचा रंग जोडीने दाखवलेला असतो. तुमचा आधीचा रंग सर्वांत गडद चौकोनापेक्षाही गडद असेल, तर ती शेड तुमच्या केसांवर दाखवल्याप्रमाणे येणार नाही. शेडकार्डवरचे केसांचे झुपकेही असेच फसवतात. ते पांढऱ्या किंवा उजळलेल्या कृत्रिम तंतूंवर रंगवलेले असतात, त्यामुळे त्यांच्या खाली ऊब नसतेच.

६. लावल्या दिवशी रंग छान थंड होता. दोन-तीन आठवड्यांत लाल झाला. असे का?

अॅश हा बाहेरून भरलेला रंग आहे आणि तो धुण्याने, उन्हाने आणि उष्णतेने हळूहळू निघतो. खालची ऊब मात्र केसातल्याच रंगद्रव्याची आहे, ती शांपूने निघत नाही. वरचे पांघरूण विरळ झाले की खालचे दिसणारच. म्हणजे लाल रंग नव्याने ‘आलेला’ नसतो, पहिल्या दिवशीही तो खाली होताच.

नागपुरात हे इतर ठिकाणांपेक्षा लवकर जाणवते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना दुपारी गाडीवरून उघड्या डोक्याने फिरणाऱ्यांच्या केसातील मेलॅनिन उन्हानेच आणखी उजळते आणि अॅशही उडतो, म्हणजे नुकसान दुहेरी होते. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपट्टा डोक्याला आणि तोंडाला गुंडाळण्याची जी पद्धत आहे, ती रंगवलेल्या केसांसाठीही उत्तम आहे. बोअरचे पाणी जड असेल तर त्यातील क्षार आणि कुठे कुठे लोह केसावर बसते व रंग मळकट, पिवळट दिसू लागतो. अशा घरात शेवटचा तांब्या नळाच्या किंवा गाळलेल्या पाण्याचा घ्यावा आणि महिन्यातून एकदा क्षार काढणारा शांपू वापरावा. तो त्याहून जास्त वापरला तर क्षारांबरोबर अॅशही काढतो. स्ट्रेटनर १८० अंशांच्या वर नेऊ नये, कारण जास्त उष्णतेने रंगाची झाक डोळ्यांदेखत बदलते.

७. लांबीवर रंग ठीक आहे, पण टाळूजवळचे दोन बोटे केस भडक तांबूस आहेत. का?

टाळूच्या उष्णतेमुळे तिथे पेरॉक्साइड जास्त वेगाने काम करते आणि नवा केस अजून कोवळा असल्याने तो लवकर उजळतो. सारखेच मिश्रण मुळांपासून टोकापर्यंत एकाच वेळी फासले की मुळाशी केस पाचव्या पातळीवर पोहोचतो आणि लांबीला चौथ्यावरच राहतो. उपाय लावण्याच्या क्रमात आहे: आधी लांबीला लावावे, टाळूपासून दीड-दोन सेंटिमीटर सोडावे, आणि अर्धा वेळ झाल्यावर मुळांना लावावे. मुळांसाठी डेव्हलपरही एक पायरी हलका घ्यावा. नागपुरी उन्हाळ्यात कूलरसमोर बसून रंग लावणे आणि बंद खोलीत लावणे यांतही फरक पडतो, हे घरी रंग लावणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

८. माझ्या केसांवर तीन रंग झाले आहेत: वर तांबूस, मध्ये लालसर ब्राउन, खाली काळा. नक्की काय चुकले?

असे बरेच जण फोटो पाठवतात, त्यातले एक उदाहरण सविस्तर घेऊ. खांद्याच्या खालपर्यंत केस, नैसर्गिक पातळी दोन, दीड वर्षापूर्वीपर्यंत घरी काळा रंग लावण्याची सवय. धरमपेठेतील एका पार्लरमध्ये ६.१ आणि ९ टक्के डेव्हलपर एकास दीड प्रमाणात, म्हणजे ५० ग्रॅम ट्यूबला ७५ मिलिलिटर, मिसळून संपूर्ण केसांना एकदमच लावले आणि केस उजळलेले दिसताच पंचवीस मिनिटांनी धुतले.

वरचा तांबूस पट्टा प्रश्न ७ मध्ये सांगितलेल्या कारणाने आला. मधला भाग नैसर्गिक केसांचा आहे. दीड वर्षात साधारण वीसेक सेंटिमीटर नवा केस वाढला, तो कोणताही रंग न लावलेला होता, म्हणून हिशोबाप्रमाणे चौथ्या-पाचव्या पातळीवर पोहोचला आणि लालसर दिसला. खालचा काळा भाग म्हणजे जुना रंग. ट्यूबचा रंग नैसर्गिक मेलॅनिन उजळवतो, पण आधी लावलेला कृत्रिम रंग उतरवत नाही, त्यामुळे तिथे जवळजवळ काहीच घडले नाही.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि तिच्याकडे क्वचितच लक्ष जाते: लवकर धुणे. केस उजळण्याचे बरेचसे काम सुरुवातीलाच होते, तर रंगकण पूर्ण तयार होऊन केसात बसायला कंपनीने सांगितलेला पूर्ण वेळ, बहुधा ३० ते ३५ मिनिटे, लागतो. ‘फार उजळले, आता धुऊन टाकू’ असे म्हणून मध्येच धुतले की उजळणे पदरात पडते आणि राख अर्धीच बसते. दुरुस्तीसाठी प्रश्न १२ पाहावा. मात्र खालच्या काळ्या भागाचा विचार तिथे वेगळा करावा लागतो.

९. आधी मेंदी लावत होते. आता अॅश येईल का?

शुद्ध मेंदीतील लॉसोन केसाच्या प्रथिनाला चिकटून नारिंगी-लाल डाग देते आणि तो डाग सहजी निघत नाही. त्यावर अॅश लावला की नैसर्गिक ऊबेत मेंदीची ऊब मिळते, म्हणून निकाल आणखी लाल येतो. मेंदी लावलेला केस कापला जाईपर्यंत वाट पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे, कंटाळवाणा असला तरी.

‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्या हा निराळा आणि धोक्याचा विषय आहे. त्यांपैकी अनेकांत मेंदीपेक्षा रासायनिक रंगच जास्त असतो, आणि काही पुड्यांत धातूंचे क्षार असू शकतात. धातूचे क्षार असलेल्या केसावर पेरॉक्साइड पडले तर केस तापू शकतो आणि तुटू शकतो. म्हणून ब्लीचचा विचार करण्याआधी कंगव्यात निघालेले किंवा मागून कापलेले थोडे केस काचेच्या वाटीत पेरॉक्साइड व रंगाच्या मिश्रणात अर्धा तास ठेवावेत. मिश्रण गरम झाले, फेस आला किंवा उग्र वास सुटला, तर त्या केसांवर कोणतीही उजळवण्याची क्रिया करू नये.

१०. ब्लीच न करता काळ्या केसांवर अॅश मिळूच शकत नाही का?

मिळू शकतो, पण फोटोतला नाही. उजळपणाचा हट्ट सोडला तर ३.१ किंवा ४.१ अशी गडद शेड ३ ते ६ टक्के डेव्हलपरने लावता येते. केस फार उजळत नाही, त्यामुळे ऊब थोडीच उघडी पडते आणि राख तिला पुरते. घरात केस काळेच दिसतील. उन्हात उभे राहिल्यावर लाल चमकेऐवजी थंड, कोळशासारखी चमक दिसेल. ऑफिसला किंवा घरच्यांना चालेल असा बदल हवा असणाऱ्यांना मी हाच सल्ला देते. पाचव्या पातळीवर ब्लीचशिवाय अॅश हवा असे म्हणणाऱ्यांनी प्रश्न ३ पुन्हा वाचावा.

११. मग खरा अॅश ब्राउन काळ्या केसांवर कसा करतात?

दोन वेगळ्या पायऱ्यांत: आधी ऊब बाहेर काढायची, मग राख भरायची. एकाच ट्यूबकडून दोन्ही कामे करून घेण्याचा प्रयत्न हेच फसण्याचे कारण असते.

ध्येय सहाव्या पातळीचा अॅश असेल, तर केस त्याच्याही एक पायरी पुढे, म्हणजे सातव्या पातळीच्या केशरी-पिवळ्यापर्यंत न्यावा लागतो, कारण नंतर भरलेला टोनर केसाला थोडा गडद करतो. यासाठी ब्लीच पावडर आणि ६ टक्के डेव्हलपर पुरतो. हळू चालतो, पण केसाचा पोत राखतो. पातळ पातळ भाग घेऊन, मुळे शेवटी ठेवून लावावे. दर दहा मिनिटांनी एक बट ओल्या कापसाने पुसून पांढऱ्या टिश्यूवर ठेवून खिडकीच्या उजेडात पाहावी. ब्लीचच्या थराखाली केस असतो त्यापेक्षा उजळ दिसतो, म्हणून न पुसता अंदाज करू नये. बट केशरी असेल तर थांबू नये, अनेक जण नेमके येथेच थांबतात. केशरीत पिवळा स्पष्ट दिसू लागला की धुवावे. काळे, जाड केस एका बैठकीत तिथवर पोहोचले नाहीत तर दुसरी बैठक काही आठवड्यांनी घ्यावी. त्याच दिवशी टक्का वाढवून ढकलू नये.

मग टोनर. अमोनिया कमी किंवा नसलेला ६.१ सुमारे २ टक्क्यांच्या सौम्य डेव्हलपरबरोबर टॉवेलने टिपलेल्या ओलसर केसांना लावतात. येथे पेरॉक्साइड मुद्दाम हलके ठेवायचे असते, कारण आता आणखी उजळायचे नाही, फक्त रंग बसवायचा आहे; ६ टक्के घेतले तर टोनर लावतानाच खालून नवी ऊब निघते. निळा पिवळ्यावर पडला की हिरवट होतो, म्हणून केसात पिवळा जास्त असेल तर थोडी जांभळट शेड मिसळतात. वीस मिनिटांच्या आसपास पाहत राहावे आणि धुवावे. हा थर साधारण चार ते सहा आठवड्यांत उतरू लागतो आणि पुन्हा द्यावा लागतो. तो खर्च आधीच विचारून घ्यावा. सलूनमध्ये पहिल्या दिवशीचा दर सांगतात, या फेऱ्यांचा सांगत नाहीत.

संपूर्ण डोक्याऐवजी फॉइलमध्ये बारीक बटा घेऊन हे केले, तर मूळ काळा रंग बाजूला राहतो, वाढ दिसत नाही आणि उतरलेली ऊबही कमी खटकते. नागपूरच्या उन्हात राहणाऱ्यांसाठी मला हा मार्ग पूर्ण रंगापेक्षा शहाणा वाटतो.

१२. केस लाल झालेच आहेत. त्यावर पुन्हा तोच ६.१ लावू का?

तोच डेव्हलपर घेऊन नको. पहिल्यासारखेच ९ टक्के पुन्हा लावले की केस आणखी थोडा उजळेल आणि आणखी ऊब निघेल. जी पातळी आली आहे ती मान्य असेल, तर फक्त झाक मारावी: चौथ्या पातळीच्या लालसाठी ४ किंवा ५ ची हिरव्या पायाची मॅट शेड, पाचव्याच्या लाल-केशरीसाठी निळा-हिरवा अॅश, दोन्ही सौम्य डेव्हलपरने. केस अर्धी पायरी गडद होईल, हे धरूनच चालावे. उजळपणाही हवा असेल तर प्रश्न ११ चा मार्ग आहे.

जुन्या काळ्या रंगासाठी रंग काढणारे द्रावण मिळते. ते कृत्रिम रंगाचे कण लहान करून धुऊन काढते, पण नैसर्गिक मेलॅनिनला हात लावत नाही आणि मेंदीवरही चालत नाही. काळा रंग निघाला की खाली पूर्वीच उजळलेला लालसर केस दिसतो, त्याने घाबरून जाऊ नये.

१३. जांभळा शांपू लावतो आहे, तरी लाल जात नाही.

जांभळा पिवळ्याला मारतो. तुमच्या केसात पिवळा नाही, केशरी किंवा लाल आहे. केशरीसाठी निळा शांपू घ्यावा. चौथ्या पातळीच्या गडद लालवर तोही फारसा दिसत नाही, कारण शांपूतील रंग वरवर बसतो. आठवड्यातून एक-दोनदा, तीन-चार मिनिटे ठेवून, टोनरचे आयुष्य वाढवण्यापुरता त्याचा उपयोग आहे.

१४. माझे थोडे केस पांढरे आहेत. त्या बटा निळसर राखाडी झाल्या आणि बाकी लाल. हे कसे?

एकच ट्यूब, एकच वेळ आणि दोन उलटे निकाल, यामागचे कारण प्रश्न १ मध्येच आहे. पांढऱ्या केसात मेलॅनिन नसते, म्हणून मारायला ऊबही नसते आणि राख जशीच्या तशी दिसते. पांढरे केस असतील तर निव्वळ .१ शेड लावू नये; त्याच पातळीची नैसर्गिक, म्हणजे .० ची शेड त्यात मिसळावी, पांढरे अर्ध्याहून अधिक असतील तर निम्मी निम्मी. मग काळ्या केसांतील लाल थोडा अधिक दिसेल, ही तडजोड स्वीकारावी लागते. दोन्ही प्रकारचे केस एकाच मिश्रणात अचूक अॅश करणे जवळजवळ अशक्य आहे.

१५. अमोनिया नसलेला अॅश ब्राउन लावला, काहीच दिसत नाही. पैसे वाया गेले का?

असा रंग केस फारसा उजळवत नाही. काळ्यावर तपकिरी भरले तर काळेच दिसते. मात्र त्यात अमोनियाऐवजी दुसरा अल्कली घटक असतो आणि ६ टक्के डेव्हलपर असेल तर थोडे उजळणे होतेच. म्हणून काही महिन्यांनी वारंवार लावणाऱ्यांच्या केसांत ऊब साचत जाते. ‘अमोनिया नाही’ म्हणजे ‘लाल होणार नाही’ असे समजू नये. अमोनिया नसला तरी अॅलर्जी होऊ शकते, म्हणून कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला रंगाचा थेंब लावून ४८ तास पाहण्याची सूचना येथेही पाळावी.

१६. सलूनमध्ये राखाडी दिसत होता, सीताबर्डीच्या रस्त्यावर आलो तर लाल. रंग इतक्यात उतरला का?

उतरला नाही. सलूनमधील पांढरे-निळसर दिवे ऊब दाबतात, तर थेट ऊन केसाच्या आत शिरून खालचा रंग उजळवून दाखवते. घरातील पिवळ्या बल्बखाली केस आणखी तांबूस वाटतात. रंग पूर्ण वाळल्यानंतर दरवाजाबाहेर सावलीत उभे राहून पाहावे आणि दुरुस्ती हवी असेल तर तेव्हाच सांगावे. ओल्या केसावर कोणतीही शेड एक पायरी गडद आणि थंड दिसते.

१७. मैत्रिणीने तीच शेड, त्याच सलूनमध्ये लावली. तिचा अॅश आला. माझाच का नाही?

बहुधा तिचे केस आधीच उजळलेले होते. जुने हायलाइट्स, पूर्वी वापरलेला सोनेरी रंग किंवा तिसऱ्या-चौथ्या पातळीचा मूळ रंग असेल, तर राखेला कमी ऊब मारावी लागते. उलट फार उजळलेल्या, सच्छिद्र केसावर तीच शेड जास्त शोषली जाऊन हिरवट-मळकट होते आणि मग त्या मैत्रिणीची तक्रार अगदी वेगळी असते.

स्मूदनिंग किंवा रीबाँडिंग केलेल्या केसांचेही असेच आहे. बाहेरून ते गुळगुळीत दिसतात, पण आतून कमकुवत झालेले असतात. रंग पटकन घेतात आणि पटकन सोडतात. त्यांच्यावर प्रश्न ११ मधील ब्लीच करण्याआधी मानेजवळच्या आतल्या एका बटेवर पूर्ण प्रक्रिया करून पाहावी आणि ती बट ओली असताना ताणून बघावी. ती रबरासारखी लांबून परत येत नसेल किंवा तुटत असेल, तर प्रश्न १० मधील गडद शेडवरच थांबावे.